स्कोअरकार्डचा फोटो वाचताना आकडे जुळत नाहीत? आधी हे बघा

माझ्या आत्याला वयाच्या साठीनंतर क्रिकेटचा नाद लागलाय. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी वर्ल्डकप जिंकला, ती फायनल तिने पहिल्या बॉलपासून शेवटपर्यंत पाहिली आणि तिथून जी सुरुवात झाली ती थांबलेलीच नाही. मॅच बघणं तिला जमायला लागलंय, अडतं ते नंतर, स्कोअरकार्ड वाचताना. दर दोन-चार दिवसांनी व्हॉट्सॲपवर एक फोटो येतो, कधी टीव्हीच्या स्क्रीनचा, कधी पेपरचा, आणि खाली लिहिलेलं असतं, "अरे हे बघ, बेरीज चुकलीय का यांची?"

बेरीज चुकलेली नसते. पण तिची शंका दर वेळी अगदी रास्त असते, कारण कार्डावर एकच अक्षर दोन-तीन अर्थांनी येतं आणि एक-दोन हिशोब असे आहेत की कुणी सांगितल्याशिवाय कळणं अवघडच. हेच प्रश्न मला ऑफिसमधल्या दोघांनी आणि शेजारच्या काकूंनी पण विचारलेत, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय.

उदाहरण म्हणून आत्याने पाठवलेलाच एक फोटो घेतो. २ एप्रिल २०११, वानखेडे, भारत विरुद्ध श्रीलंका, वर्ल्डकप फायनल. दुसऱ्या दिवशीच्या इंग्रजी पेपरचं कात्रण काकांनी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलं होतं, ते कपाट आवरताना सापडलं आणि आत्याने फोल्डरमधून बाहेर न काढताच ट्यूबलाइटखाली फोटो काढला. त्यामुळे मधोमध पांढरी चकाकी, एक घडी नेमकी आकड्यांवरून गेलेली आणि वरचे रकान्यांचे मथळे अर्धे कापलेले.

आधी फोटो दुरुस्त करा, डोकं नंतर लावा

निम्मे प्रश्न फोटोमुळेच येतात. कात्रण प्लास्टिकमधून बाहेर काढा, फ्लॅश बंद करा, खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात धरा आणि फोन किंचित तिरका ठेवा म्हणजे चकाकी कागदावरून बाजूला सरकते. लांबलचक कार्ड एकाच फोटोत कोंबू नका, बॅटिंगचा वेगळा आणि बोलिंगचा वेगळा काढा, पण दोन्हीत वरचे मथळे आलेच पाहिजेत. मथळे का महत्त्वाचे, तर बॅटिंगच्या तक्त्यात `M` म्हणजे किती मिनिटं खेळला आणि बोलिंगच्या तक्त्यात `M` म्हणजे मेडन, म्हणजे एकही रन न दिलेल्या ओव्हर. `R` दोन्हीकडे रन, पण एकीकडे काढलेले आणि दुसरीकडे दिलेले. मथळा कापला गेला की समोर नुसते आकडे उरतात आणि मग माणूस झहीरने ३ विकेट घेतल्या असं वाचतो, प्रत्यक्षात ते ३ मेडन असतात.

टीव्हीच्या स्क्रीनचा फोटो असेल तर त्यावर आडवे पट्टे येतात, तेव्हा एक पाऊल मागे जाऊन थोडं झूम करून काढा, बऱ्याचदा पट्टे कमी होतात. मराठी पेपर असेल तर अस्पष्ट फोटोत १ आणि ९, ३ आणि ६ यांची गल्लत होते, इंग्रजीत 1 आणि 7, 6 आणि 8, 3 आणि 8 यांची. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणारंय.

कात्रणावरची श्रीलंकेची बॅटिंग अशी होती, शेवटचे दोन आकडे रन आणि बॉल.

```
Tharanga       c Sehwag b Khan       2   20
Dilshan        b Harbhajan          33   49
*†Sangakkara   c †Dhoni b Yuvraj    48   67
Jayawardene    not out             103   88
Samaraweera    lbw b Yuvraj         21   34
Kapugedera     c Raina b Khan        1    5
Kulasekara     run out (†Dhoni)     32   30
Perera         not out              22    9
Extras (b 1, lb 3, w 6, nb 2)       12
Total (6 wkts, 50 overs)           274
```

"धोनी श्रीलंकेच्या यादीत काय करतोय?"

आत्याचा पहिला प्रश्न हाच. डावीकडे बॅट्समन आहे, मग त्याच्याच ओळीत धोनी, सेहवाग, रैना कशाला?

तर डावीकडचं नाव कोण आउट झाला ते सांगतं आणि त्याच्यापुढचा मजकूर कुणी आणि कसं केलं ते सांगतो. `c Sehwag b Khan` म्हणजे बॉल झहीर खानने टाकला, कॅच सेहवागने घेतला. मराठी पेपरात हेच "झे. सेहवाग गो. झहीर" असं येतं, झे. म्हणजे झेल आणि गो. म्हणजे गोलंदाज. एकदा ही जोडी डोक्यात बसली की बाकीचं सोपं जातं. नुसतं `b Harbhajan` असेल, पुढे कॅचवाला कुणी नाही, तर सरळ दांडी उडाली, मराठीत त्रिफळाचीत. `lbw b Yuvraj` म्हणजे पायचीत, बॉल पॅडवर लागला, नाहीतर स्टंपवर गेला असता. भारताच्या डावात कोहलीसमोर `c & b Dilshan` आहे, तिथे दिलशानने स्वतःच्याच बॉलिंगवर स्वतःच कॅच पकडला, म्हणून नाव एकदाच.

आता यातली सगळ्यात कामाची खूण सांगतो. आउट होण्याच्या मजकुरात `b` आहे का तेवढं बघा. `b` असेल तर ती विकेट त्या बोलरच्या खात्यात जाते, नसेल तर कुणाच्याच नाही. कुलसेकराची ओळ बघा, `run out (†Dhoni)`, तिथे `b` नाहीच. कंसातलं नाव ज्याने स्टंप उडवले किंवा थ्रो केला त्याचं, बोलरचा उल्लेखच नाही. या मॅचमध्ये स्टंपिंग कुणाचं झालं नाही, पण ते असतं तर `st †Dhoni b Harbhajan` असं दिसलं असतं, म्हणजे स्टंप किपरने उडवले तरी विकेट बोलरला मिळते. स्टंपिंग आणि रन आउट दिसायला सारखे, दोन्हीत बेल्स उडतात आणि बॅट्समन बाहेर असतो, म्हणून नवीन माणसाला फरक कळत नाही, पण कार्डावर तो `b` लगेच सांगून टाकतो. `hit wicket b` मध्येही `b` असतो. २०२३ च्या वर्ल्डकपमध्ये दिल्लीत बांगलादेशविरुद्ध अँजेलो मॅथ्यूजसमोर `timed out` लागलं, तिथे मात्र `b` नाही, कारण तो क्रीजवर वेळेत तयार झाला नाही याचं श्रेय बोलरला कसं देणार.

मग ही खूण ताळ्यासाठी वापरायची. श्रीलंकेच्या ६ विकेट पडल्या. बोलिंगच्या तक्त्यात झहीर २, हरभजन १, युवराज २, बेरीज ५. आत्याने लगेच विचारलं, सहावी कुठे गेली? सहावी म्हणजे कुलसेकराचा रन आउट. विकेटची बेरीज कमी भरली तर वरच्या यादीत रन आउटसारख्या `b` नसलेल्या ओळी शोधा, तेवढ्याच मिळतील. जास्त भरली तर मात्र फोटोतला एखादा आकडा तुम्ही चुकीचा वाचलाय.

चांदणी, खंजीर आणि दोन वेळा येणारी अक्षरं

संगकाराच्या नावाआधी `*†` असं आहे. चांदणी म्हणजे कॅप्टन, खंजिरासारखं चिन्ह म्हणजे विकेटकिपर. फोटोत तो खंजीर अधिकच्या चिन्हासारखा किंवा इंग्रजी `t` सारखा दिसतो, आत्याने "टी धोनी" वाचलं होतं. या फायनलला दोन्ही कॅप्टन किपरच होते, संगकारा आणि धोनी, त्यामुळे दोघांनाही दोन्ही चिन्हं लागली.

पण हीच चांदणी रनच्या मागे आली तर अर्थ वेगळा. धोनी `91*` म्हणजे ९१ नाबाद. चांदणी नावाच्या आधी आली तर कॅप्टन, आकड्याच्या नंतर आली तर नाबाद. काही कार्डांवर कॅप्टनसाठी `(c)` लिहितात, तो `c` कॅचचा नाही, कंसात आहे आणि नावाला चिकटून आहे एवढं बघायचं. आणि `b` पण दोन ठिकाणी येतो, बॅट्समनसमोर बोलर म्हणून आणि `Extras` च्या कंसात बाय म्हणून. अक्षर पाठ करून उपयोग नाही, ते कुठे बसलंय ते बघून वाचायची सवय लावा, माझ्या मते नव्या माणसाने पहिली ही एकच गोष्ट शिकली तरी पुष्कळ झालं.

पुसलेला आकडा कसा शोधायचा

आता मुख्य अडचण, जिच्यासाठी हे लिहायला बसलो. बोलिंगचा तक्ता असा होता आणि मुनाफ पटेलच्या रनवर नेमकी ती चकाकी आली होती.

```
             O   M   R   W
Khan        10   3  60   2
Sreesanth    8   0  52   0
Patel        9   0  4?   0
Harbhajan   10   0  50   1
Yuvraj      10   0  49   2
Tendulkar    2   0  12   0
Kohli        1   0   6   0
```

पहिला ४ दिसतोय, पुढचा एकतर १ आहे नाहीतर ७. आत्या हिशोबाला पक्की, आयुष्यभर घरखर्चाची वही तिने लिहिलीय, त्यामुळे तिने लगेच कागद घेतला. बाकी सहा जणांनी दिलेले रन ६० अधिक ५२ अधिक ५० अधिक ४९ अधिक १२ अधिक ६, झाले २२९. एकूण २७४ मधून २२९ वजा, राहिले ४५. म्हणजे मुनाफचे ४५. पण फोटोत तर ४१ किंवा ४७ दिसतंय, ४५ नाहीच! तिने फोनच केला, म्हणाली पेपरवाल्यांनी चूक केलीय.

पेपर बरोबर होता. राहिलं काय होतं तर एक्स्ट्राज, मराठीत अवांतर. कंसात बघा, `b 1, lb 3, w 6, nb 2`, एकूण १२. यातले वाइड आणि नो बॉल ही बोलरची चूक, म्हणून ते ८ रन त्या-त्या बोलरच्या आकड्यात आधीच धरलेले असतात. पण बाय आणि लेगबाय म्हणजे बॉल बॅटला न लागता पळून काढलेले रन, एकात बॉल नुसताच निसटला आणि दुसऱ्यात अंगाला लागून गेला, ते बोलरच्या माथी मारत नाहीत. ते होते १ अधिक ३, म्हणजे ४. आता ४५ मधून ४ वजा करा. ४१. आकडा सापडला, १ आहे, ७ नाही.

म्हणजे नियम असा, की बॅटिंगच्या बाजूने सगळ्या बॅट्समनचे रन अधिक सगळे एक्स्ट्राज बरोबर टोटल (इथे २६२ अधिक १२, २७४), आणि बोलिंगच्या बाजूने सगळ्या बोलर्सचे रन अधिक फक्त बाय-लेगबाय बरोबर टोटल (इथे २७० अधिक ४, पुन्हा २७४). एकच रक्कम दोन वाटांनी येते, जमाखर्चाच्या वहीसारखी. त्यामुळे एका बाजूचा एक आकडा पुसला असेल तर तो हमखास काढता येतो. एकाच बाजूचे दोन आकडे पुसले असतील तर मात्र नुसत्या बेरजेने भागणार नाही, तेव्हा ॲपचा स्क्रीनशॉट असेल तर इकॉनॉमीचा, म्हणजे बोलरने ओव्हरमागे किती रन दिले त्याचा, रकाना बघा, मुनाफच्या ९ ओव्हरमध्ये ४१ असतील तर इकॉनॉमी ४.५५ आणि ४७ असतील तर ५.२२ दिसली पाहिजे.

दोन ठिकाणी जपा. `w 6` म्हणजे सहा वाइड बॉल टाकले असं नाही, वाइडने आलेले सहा रन, कारण वाइड बॉल थेट बाउंड्रीला गेला तर एकाच बॉलचे पाच वाइड लागतात. आणि जुनी कार्डं, म्हणजे ८० च्या दशकात नियम बदलायच्या आधीची, त्यांत वाइड-नोबॉल बोलरच्या आकड्यात धरत नव्हते. तेव्हा वडिलांच्या जमान्यातलं कात्रण काढून हा ताळा केलात तर सगळे एक्स्ट्राज मिळवावे लागतील, तरच जुळेल.

"ओव्हर पन्नास, मग बॉल ३०२ कसे?"

हा प्रश्न आत्याने दोन दिवसांनी विचारला आणि खरं सांगतो, मला फार आनंद झाला, कारण इथपर्यंत बेरीज करून बघणारी माणसं फार थोडी. श्रीलंकेच्या आठ जणांनी खेळलेले बॉल तिने मिळवले, २०, ४९, ६७, ८८, ३४, ५, ३०, ९, उत्तर ३०२. पन्नास ओव्हरचे तर ३००च होतात.

पुन्हा एक्स्ट्राज बघा, `nb 2`. नो बॉल ओव्हरच्या सहात मोजत नाहीत, तो पुन्हा टाकावा लागतो, पण बॅट्समन त्यावर फटका मारू शकतो म्हणून त्याच्या खेळलेल्या बॉलमध्ये तो धरतात. वाइड मात्र दोन्हीकडे धरत नाहीत. त्यामुळे ३०० अधिक २ नो बॉल, ३०२. भारताच्या डावात एकही नो बॉल नव्हता, तिथे बॉलची बेरीज करून बघा, सेहवाग २, सचिन १४, गंभीर १२२, कोहली ४९, धोनी ७९, युवराज २४, एकूण २९०, आणि ४८.२ ओव्हर म्हणजे अठ्ठेचाळीस सक अठ्ठ्याऐंशी आणि दोनशे, वर दोन, नेमके २९०. जयवर्धनेचे ८८ आहेत की ८६ असा घडीमुळे संशय आला तर याच हिशोबाने मिटवा.

रनरेट कॅल्क्युलेटरवर चुकतो तो इथे

भारताने ४८.२ ओव्हरमध्ये २७७ केले. आत्याने फोनच्या कॅल्क्युलेटरवर २७७ भागिले ४८.२ केलं, आलं ५.७५. कार्डावर ५.७३. "दोन पैशांचा फरक येतोच कसा?" तिचे शब्द.

फरक येतो कारण ४८.२ हा दशांश अपूर्णांक नाहीच. तो टिंब म्हणजे पॉइंट नाही, नुसती ओव्हर आणि बॉल यांच्यामधली खूण आहे. ४८ पूर्ण ओव्हर आणि २ बॉल. सहा बॉलची ओव्हर असल्यामुळे टिंबानंतर ० ते ५ हेच आकडे येतात, सहावा बॉल पडला की पुढची ओव्हर पूर्ण होते (विकेट कधी पडली त्या नोंदीत मात्र कधीकधी ४७.६ असं लिहितात, म्हणजे अठ्ठेचाळिसाव्या ओव्हरचा शेवटचा बॉल). म्हणून आधी बॉल करा, मग भागा.

```
48 × 6 + 2 = 290
277 × 6 ÷ 290 = 5.73
```

बोलरच्या इकॉनॉमीलाही हेच. कुलसेकराने ८.२ ओव्हरमध्ये ६४ दिले. सरळ भागलं तर ७.८०, बरोबर उत्तर ५० बॉल धरून ७.६८. शेवटच्या आकड्यात एकाचा फरक मात्र सोडून द्या, मलिंगाची ९ ओव्हरमध्ये ४२ ही इकॉनॉमी कुठे ४.६६ तर कुठे ४.६७ लिहितात, काही जण पुढचं नुसतं कापतात, काही वरच्या आकड्याला ओढतात.

डाव संपल्यावर हा फरक किरकोळच, पण मॅच चालू असताना टीव्हीचा फोटो काढला असेल आणि त्यावर `RRR` असेल, म्हणजे जिंकायला इथून पुढे ओव्हरमागे किती लागतात, तेव्हा तो जाणवतो. त्याच फायनलचा सगळ्यात ताणलेला क्षण घेऊ. गंभीर ९७ वर आउट झाला तेव्हा भारत २२३ ला ४, ओव्हर ४१.२. जिंकायला २७५ हवे होते, म्हणजे अजून ५२. उरलेले बॉल किती? कॅल्क्युलेटरवर ५० वजा ४१.२ केलं तर ८.८ येतं आणि ५२ भागिले ८.८ म्हणजे ५.९१. पण ८.८ ओव्हर अशी गोष्टच नसते. बॉल मोजा, ४१.२ म्हणजे २४८, तीनशेतून गेले, उरले ५२. बावन्न बॉलमध्ये बावन्न रन, रेट बरोबर ६.००, बॉलला एक रन. त्या रात्री घरोघरी हेच मोजत होते, धोनी आणि युवराज क्रीजवर आणि सगळ्यांच्या तोंडी "बावन्नात बावन्न".

मॅच जितकी शेवटाकडे जाईल तितकी ही चूक वाढत जाते. समजा ४८.४ ओव्हर झाल्या आणि १० रन हवेत. उरले ८ बॉल, रेट ७.५०. वजाबाकी करून १.६ ने भागलं तर ६.२५ येतं, सव्वा रनाचा घोळ. म्हणून शेवटच्या दहा ओव्हरमध्ये रेट बघूच नका असं मी आत्याला सांगितलंय, "इतक्या बॉलमध्ये इतके" हेच बघ, ते कधी फसवत नाही.

जाता जाता, बॅट्समनचा `SR` म्हणजे शंभर बॉलमागे किती रन, जयवर्धने ८८ बॉलमध्ये १०३ म्हणून ११७. परेराचा २४४ बघून आत्या थक्क झाली होती, पण ते नऊच बॉल आहेत, शेवटी येऊन २२ मारलेत, त्यामुळे `SR` नेहमी बॉलच्या आकड्याशेजारी ठेवून वाचायचा, एकटा नाही.

तळाची बारीक ओळ सोडू नका

कार्डाच्या खाली बारीक अक्षरात `Fall of wickets` असते, मराठीत "बाद क्रम", आणि फोटोत तीच कापली जाते. तिथे आधी विकेटचा क्रमांक आणि मग स्कोअर, `4-223` म्हणजे चौथी विकेट २२३ वर. भारताचं `1-0` बघून आत्या गोंधळली होती, ते म्हणजे पहिली विकेट शून्यावर, सेहवाग मलिंगाच्या दुसऱ्याच बॉलला पायचीत. ऑस्ट्रेलियातले लोक तर पूर्ण स्कोअरच असा उलटा लिहितात, 4/223, त्यामुळे तिकडच्या चॅनेलचा फोटो असेल तर लहान आकडा विकेटचा समजा.

या ओळीचं काम काय ते शेवटच्या प्रश्नातून सांगतो. आत्याने विचारलं, "झहीरने तीन ओव्हर मेडन टाकल्या, तरी साठ रन कसे गेले? सहाची इकॉनॉमी म्हणजे मार खाल्लाच की." `10-3-60-2` एवढंच बघितलं तर तसंच वाटतं. पण झहीरचा पहिला स्पेल, म्हणजे एका दमात टाकलेल्या ओव्हर, होता ५ ओव्हर, ३ मेडन, ६ रन, १ विकेट. राहिलेल्या पाच ओव्हरमध्ये ५४ गेले. कार्ड ही दोन टोकं मिसळून एकच आकडा देतं, स्पेल वेगळे दाखवत नाही.

तरी त्याची खूण खालच्या ओळीत सापडते. श्रीलंकेची पहिली विकेट `1-17`, ओव्हर ६.१. म्हणजे सहा ओव्हर उलटून गेल्या तरी सतराच रन झाले होते, सुरुवातीला श्वास घेऊ दिला नव्हता. आणि पाचवी विकेट `5-182`, ओव्हर ३९.५. तिथून डाव संपेपर्यंत ६१ बॉल उरले होते आणि टोटल झाली २७४, म्हणजे त्या ६१ बॉलमध्ये ९२. झहीरचे बरेचसे रन तिथे गेले, जयवर्धने सेट होता आणि समोर आधी कुलसेकरा, मग परेरा हाणत होते. मी हे सांगायच्या आधी आत्याने स्वतःच बोट ठेवून दाखवलं होतं, "हे बघ, इथून पुढे मारलंय", आणि कात्रण परत फोल्डरमध्ये घालताना या वेळी तिने ती तळाची ओळ दुमडली जाणार नाही असं बघून सरळ ठेवलं.